सिग्नल भरपूर, चित्र मात्र नाही

डिशची छत्री हलली की घरातले सगळे टीव्हीच्या पडद्यावरच्या दोन पट्ट्यांकडे बघू लागतात. एकीवर `Signal Strength` लिहिलेले असते, दुसरीवर `Signal Quality`. पहिली पट्टी सत्तरीच्या पुढे गेलेली, दुसरी शून्यावर, आणि चित्र नाही. सिग्नल तर भरपूर येतोय, मग बॉक्सच बिघडला असणार, असा निष्कर्ष इथे पटकन निघतो आणि पुष्कळदा चांगला बॉक्स बदलला जातो. प्रत्यक्षात या दोन आकड्यांनी नेमके सांगून टाकलेले असते की बॉक्स, वायर आणि एलएनबी बहुधा ठीक आहेत, छत्री मात्र भलतीकडे बघते आहे. हे दोन आकडे वाचता आले की एक पाना, एक ओळंबा आणि गच्चीवरचा थोडा धीर एवढ्यावर बरेचसे काम भागते.

या लेखात उदाहरण घेतले आहे ते दूरदर्शनच्या डीडी फ्री डिशचे. डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने ही सेवा सुरू झाली. मासिक शुल्क नाही, त्यामुळे छत्री हलल्यावर ज्याला बोलवायचे असा कंपनीचा माणूसही बहुतेक ठिकाणी नसतो. सशुल्क सेवांना उपग्रह आणि कोन वेगळे लागतात, पण पट्ट्या वाचण्याची रीत तीच राहते.

दोन पट्ट्या, दोन वेगळी कामे

छत्रीच्या पुढे दांडीवर बसवलेली छोटी डबी म्हणजे एलएनबी. छत्रीवरून परावर्तित होऊन आलेल्या अत्यंत क्षीण लहरी ती गोळा करते, लाखो पटींनी वाढवते आणि त्यांची वारंवारता खाली आणून वायरीतून बॉक्सकडे पाठवते. हे करताना ती निवड करत नाही. उपग्रहाची लहर असो, शेजारच्या दुसऱ्या उपग्रहाची असो, किंवा जमिनीची, भिंतीची आणि तिच्या स्वतःच्या इलेक्ट्रॉनिक्सची गोंगाटासारखी ऊर्जा असो, सगळेच वाढवले जाते.

स्ट्रेंग्थची पट्टी ही वायरीतून आलेली एकूण ऊर्जा मोजते. म्हणून छत्री रिकाम्या आकाशाकडे वळवली तरी ती शून्यावर जात नाही. कित्येक बॉक्सवर चाळीस-पन्नासच्या आसपास ठाण मांडून बसते. एलएनबीला वीज पोचते आहे आणि वायर जोडलेली आहे, एवढेच या आकड्याने सिद्ध होते.

क्वालिटीची पट्टी दुसऱ्या टप्प्यावरची. आपण बॉक्सला एक विशिष्ट वारंवारता आणि डेटाचा वेग सांगितलेला असतो. तोच प्रवाह सापडून बॉक्स त्याला धरून बसला, म्हणजे लॉक झाला, तरच क्वालिटी दिसू लागते. गोंगाटाच्या तुलनेत खरा सिग्नल किती वर आहे आणि डेटामध्ये किती चुका होत आहेत, यावरून हा आकडा निघतो. चुकीच्या उपग्रहावर छत्री लागली तर स्ट्रेंग्थ ऐंशीला जाईल आणि क्वालिटी शून्यच राहील, कारण सांगितलेला प्रवाह तिथे नसतो.

खात्री करून घ्यायची असेल तर चालू असलेल्या छत्रीच्या एलएनबीच्या तोंडासमोर तळहात धरून पाहा. क्वालिटी लगेच कोसळते, पण स्ट्रेंग्थ फारशी हलत नाही, कारण तुमच्या हाताचीही उष्णता त्या डबीला ऊर्जा म्हणूनच दिसते. म्हणून छत्री फिरवताना फक्त क्वालिटी बघायची. स्ट्रेंग्थचा उपयोग दोनदाच होतो: सुरुवातीला वायर जिवंत आहे का हे पाहायला, आणि पुढे काही बिघडले तर दोष छत्रीत आहे की वायरीत हे ओळखायला.

आणखी एक. हे टक्के कोणत्याही ठरलेल्या मापाचे नाहीत. एका बॉक्सवरचे ६५ आणि दुसऱ्यावरचे ८५ एकाच छत्रीचे असू शकतात. शेजाऱ्याच्या आकड्याशी स्पर्धा करण्यात अर्थ नाही. आपल्याच बॉक्सवर जास्तीत जास्त किती येतो तो आकडा खरा.

आकाशातला पत्ता

फ्री डिशच्या वाहिन्या येतात त्या जीसॅट-१५ या इस्रोच्या उपग्रहावरून. नोव्हेंबर २०१५ मध्ये फ्रेंच गयानातल्या कुरू येथून एरियन-५ रॉकेटने तो सोडला गेला. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटरवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर तो असतो. पृथ्वीबरोबर त्याच वेगाने फिरत असल्यामुळे आपल्याला तो आकाशात एकाच जागी खिळलेला वाटतो, आणि म्हणूनच छत्री एकदा लावून पक्की करता येते.

महाराष्ट्र ९३.५ रेखांशाच्या बराच पश्चिमेला आणि विषुववृत्ताच्या उत्तरेला आहे. त्यामुळे आपल्या सगळ्यांना हा उपग्रह आग्नेयेला आणि चांगलाच वर दिसतो. उत्तरेकडून घड्याळाच्या दिशेने मोजले तर पुण्यात त्याची दिशा सुमारे १३२ अंशांवर येते आणि क्षितिजापासून उंची ५९ अंश. मुंबईत १३१ आणि ५७.५, नागपुरात १४४.५ आणि ६०, पणजीत १२७ आणि ६१. आग्नेय म्हणजे १३५ अंश, तेव्हा नुसते आग्नेयेकडे तोंड केले तरी आपण जवळपास पोचलेले असतो. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत फरक नगण्य असल्यामुळे होकायंत्राचा आकडा तसाच वापरता येतो. मात्र तो छत्रीला टेकवून वाचू नये. लोखंडी पाइप, पाण्याच्या टाकीचा सांगाडा, गच्चीतल्या सळया यांनी सुई किंवा मोबाइलमधले होकायंत्र सहज वीस अंश फसते. चार पावले दूर उभे राहून दिशा बघावी आणि त्या रेषेतली लांबची एखादी खूण, टॉवर किंवा झाड, लक्षात ठेवावी.

छत्रीकडे बघून ती कुठे रोखली आहे याचा अंदाज करायला जाल तर हमखास चुकाल. आपल्याकडच्या छोट्या छत्र्या ऑफसेट प्रकारच्या असतात, म्हणजे एलएनबी मध्यापुढे नसून खालच्या बाजूला असते. त्यामुळे अशी छत्री तिच्या पृष्ठभागाच्या रोखापेक्षा साधारण वीस-पंचवीस अंश वर बघते. पुण्यात ५९ अंशांवरचा उपग्रह धरणारी छत्री आपल्याला जेमतेम ३५ अंशांवर रोखल्यासारखी वाटते. छत्रीमागच्या पट्टीवर छापलेल्या अंशांत बहुधा हा फरक आधीच धरलेला असतो. म्हणून तिथे ५९ च लावावे, स्वतः काही वजा करू नये.

एलएनबीचा पीळ

तिसरा कोन लोक विसरतात, आणि त्यामुळेच पुष्कळ ठिकाणी क्वालिटी अर्ध्यावर अडकते. उपग्रह एकाच वारंवारतेच्या आसपास दोन प्रकारच्या लहरी पाठवू शकतो: एक उभी डोलणारी, एक आडवी डोलणारी. बॉक्सच्या पडद्यावर वारंवारतेपुढे `V` किंवा `H` दिसते ते याचेच चिन्ह. बॉक्स एलएनबीला १३ व्होल्ट देतो तेव्हा ती उभी लहर उचलते, १८ व्होल्ट देतो तेव्हा आडवी.

मात्र हे उभे-आडवे उपग्रहाच्या जागेवरून ठरलेले असते. आपण त्याच्या बाजूला असल्यामुळे ते आपल्याकडे कलून पोचते. नुसत्या भूमितीने पुण्यात हा कल सुमारे ४५ अंश येतो, नागपुरात ३३, पणजीत ५० च्या आसपास. एलएनबी सरळ ठेवली तर पुण्यात उभी आणि आडवी अशा दोन्ही लहरी जवळपास सारख्याच तिच्यात शिरतील आणि एक दुसरीत मिसळेल. उलट्या बाजूला ४५ अंश फिरवली तर हवी ती बाहेर आणि नको ती आत, असा पूर्ण गोंधळ होईल.

फिरवायची दिशा अशी: छत्रीच्या पुढे, छत्रीकडे तोंड करून उभे राहिलात की एलएनबी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवायची. ज्या एलएनबीची वायर शून्यावर सरळ खाली येते, तिची वायर पुण्यात सात आणि आठ वाजण्याच्या मध्ये कुठेतरी येईल. काही एलएनबींच्या मानेवर अंशांच्या खुणा असतात, त्या बघाव्यात. शून्याची जागा प्रत्येक कंपनीची सारखी नसते. हा हिशेब सुरुवातीपुरता. शेवटची जागा क्वालिटीचा आकडाच ठरवतो.

बॉक्सला आधी काय सांगायचे

गच्चीवर जाण्यापूर्वी बॉक्सच्या `Installation` मेनूत जाऊन तो बरोबर गोष्टीची वाट बघतो आहे ना, हे तपासावे. एलएनबी साधी युनिव्हर्सल असेल तर नोंदी अशा असतात:

```
LNB Frequency : 09750/10600
LNB Power     : On
22K           : Auto
DiSEqC        : Off
TP            : 11090 V 29500
```

पहिली ओळ एलएनबी वारंवारता किती खाली आणते ते सांगते. ११०९० मधून ९७५० वजा केले की १३४० मेगाहर्ट्झ उरतात, आणि वायरीतून प्रत्यक्ष हेच खाली येतात. ही नोंद चुकली तर छत्री अचूक लागूनही बॉक्स भलत्याच जागी शोधत राहील आणि क्वालिटी शून्य राहील. दोन-तीन छत्र्या जोडणारा स्विच मध्ये नसेल तर `DiSEqC` बंदच हवे. शेवटची ओळ फ्री डिशच्या एका ट्रान्सपाँडरची आहे. प्रसारक कधीकधी यांत बदल करतात, म्हणून बॉक्समध्ये जीसॅट-१५ च्या नावाखाली आधीच भरलेल्या ओळींपैकी आणखी एक-दोन करून बघाव्यात. एकीवर लॉक मिळाला तरी काम सुरू होते.

गच्चीवर: भोरचे एक घर

समजा, भोरमधले एक घर आहे. वळवाच्या वादळात गच्चीवरची ६० सेंटिमीटरची छत्री फिरली. पडद्यावर स्ट्रेंग्थ ७२, क्वालिटी ०. बहीण खाली टीव्हीपुढे बसली आहे, भाऊ फोन कानाला लावून वर. भोरसाठी दिशा १३१ अंश, उंची ५९.

सगळ्यात आधी भाऊ छत्रीला हात न लावता पाइपाला ओळंबा लावतो. पाइप दोन बाजूंनी तपासायचा, एक छत्रीच्या रोखात आणि दुसरी काटकोनात. तो कललेला असेल तर छत्री डावी-उजवीकडे फिरवताना तिची उंचीही नकळत बदलत राहते आणि पट्टीवरचे ५९ खोटे ठरतात. वाऱ्याने इथे पाइप थोडा झुकला होता. तळाच्या बोल्टखाली पत्र्याची चकती घालून तो सरळ झाला आणि बोल्ट घट्ट झाले. ही दहा मिनिटे वाचवणारे पुढे तासभर घालवतात.

मग मागच्या पट्टीवर उंची ५९ ला लावून ते बोल्ट हाताने हलणार नाहीत इतपत आवळले. एलएनबी ४५ अंशांच्या आसपास फिरवली. पाइपावरची पकड मात्र इतकीच सैल ठेवली की छत्री ढकलली तर फिरेल, सोडली तर जागीच राहील. छत्रीच्या बाहेरच्या कडेपासून त्याने ओळंबा जमिनीपर्यंत सोडला आणि खाली खडूने खूण केली. साठ सेंटिमीटरच्या छत्रीची कड मध्यापासून ३० सेंटिमीटरवर असते, म्हणून छत्री एक अंश फिरली की ओळंब्याचे टोक जवळजवळ ५ मिलिमीटर सरकते. पाइपावर खूण करून हा फरक डोळ्याला दिसत नाही, गच्चीच्या लादीवर दिसतो.

त्याने छत्री मुद्दाम पूर्वेकडे, १२० अंशांच्या बाजूला नेली आणि तिथून दक्षिणेकडे अर्धा-अर्धा सेंटिमीटर सरकवायला सुरुवात केली. प्रत्येक थांब्यावर तीन-चार सेकंद. बॉक्सला प्रवाह शोधून लॉक व्हायला वेळ लागतो. सलग फिरवत नेली तर छत्री उपग्रहावरून निघूनही जाते आणि क्वालिटीला पट्टीवर उमटायला सवडच मिळत नाही. बहुतेक अपयशांचे कारण ही घाई असते.

"बहात्तर, शून्य. बहात्तर, शून्य. शहात्तर, शून्य..."

"मला फक्त दुसरा आकडा सांग."

"शून्य. शून्य. दादा, थांब! आली, एकतीस."

इथे हात थांबवून बोल्ट आवळण्याचा मोह होतो, कारण चित्र आलेले असते. पण ३१ हा कडेचा आकडा आहे. भावाने लादीवर खूण केली आणि तसाच पुढे गेला. क्वालिटी ५८ झाली, ६६ झाली, पुढच्या दोन थांब्यांवर ६६ च राहिली, मग उतरत उतरत पुन्हा शून्य झाली. जिथे ती शेवटची दिसली तिथे दुसरी खूण. दोन खुणांमध्ये साडेतीन सेंटिमीटर अंतर होते, त्याच्या बरोबर मध्यावर ओळंबा आणून त्याने छत्री थांबवली. शिखरावर आकडा सपाट असतो, त्यामुळे शिखर थेट शोधण्यापेक्षा दोन्ही कडा शोधून मध्य काढणे अधिक अचूक. माझ्या मते या सगळ्या कामातली सर्वांत मोलाची रीत हीच.

उंचीलाही तीच रीत, फक्त पाऊल निम्मे. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. साठ सेंटिमीटरची छत्री या वारंवारतेला जेमतेम तीन अंशांचा झोत बघते. आपल्याकडे उपग्रह खूप वर असल्यामुळे छत्री बाजूला दोन अंश फिरवली तरी तिची नजर आकाशात एकच अंश सरकते. उंची दोन अंश बदलली तर मात्र नजर पूर्ण दोन अंश सरकते. म्हणून महाराष्ट्रात बाजूची चूक थोडी खपून जाते, उंचीची खपत नाही. भोरच्या छत्रीची उंची दीड अंशाने कमी निघाली. ती वाढवल्यावर क्वालिटी ६६ वरून ७४ ला गेली. उंची बदलल्यावर बाजूचा मध्य एकदा पुन्हा तपासला, तो किंचित सरकला होता.

शेवटी एलएनबी. पकडीचा स्क्रू सैल करून त्याने ती दोन्हीकडे थोडी थोडी फिरवली. अंदाजाच्या जागेपासून काही अंश पुढे क्वालिटी ७९ झाली आणि तिथून हलेना. मग सगळे बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे आवळले, बहीण आकडे सांगत असतानाच. एकच बोल्ट एकदम आवळला तर छत्री त्या बाजूला ओढली जाते आणि पाच-सहा टक्के हातचे जातात. स्ट्रेंग्थ या सगळ्यात ७२ वरून ८१ पर्यंतच गेली. क्वालिटी मात्र शून्यावरून ७९.

चॅनल स्कॅन झाल्यावर यादीत डीडी नॅशनल, डीडी सह्याद्री दिसले की पत्ता बरोबर. ही शेवटची तपासणी टाळू नये. ९५ अंशांवर दुसऱ्या सेवेचे उपग्रह आहेत, आपल्या आकाशात इथून पावणेदोन अंशांवर, थोडे पूर्वेला आणि थोडे खाली. बहुधा सांगितलेल्या वारंवारतेवर तिथे लॉक मिळत नाही, पण खात्री वाहिन्यांची नावेच देतात.

आकडे पुढे बिघडतात तेव्हा

लावलेल्या छत्रीचे दोन्ही आकडे बॉक्सच्या मागे चिकटपट्टीवर लिहून ठेवावेत. पुढचे निदान त्यांच्या तुलनेतूनच होते.

दोन्ही आकडे एकदम शून्यावर किंवा तळाला गेले तर गच्चीवर जाण्याचे कारण नाही. एलएनबीला वीज पोचत नाही आहे. वायर निघाली आहे, तुटली आहे, किंवा कनेक्टरमध्ये जाळीचा एखादा तंतू मधल्या तारेला लागून शॉर्ट झाले आहे. काही बॉक्स तेव्हा पडद्यावर तसा इशाराही देतात. कनेक्टर काढताना-लावताना बॉक्सचा प्लग काढलेला असावा.

स्ट्रेंग्थ जवळपास पूर्वीचीच आणि क्वालिटी शून्य, म्हणजे छत्री हलली, किंवा बॉक्समधल्या नोंदी कोणाकडून तरी बदलल्या गेल्या. आधी नोंदी तपासा, त्या बसल्या जागी तपासता येतात.

क्वालिटी महिनोन्‌महिने हळूहळू उतरत आली असेल तर गंज, सैल झालेला बोल्ट किंवा वाढते झाड. एलएनबीच्या तोंडावरची प्लास्टिकची टोपी उन्हाने तडकून आत पाणी शिरले असेल तर आकडे दिवसा एक आणि रात्री दुसरे, असेही दिसतात. अशी एलएनबी बदलावी, दुरुस्त करत बसू नये.

वायर लांब असल्याने क्वालिटी कमी येते हा समज पुष्कळांचा आहे. चांगल्या आरजी-६ वायरीच्या वीस मीटरमध्ये सिग्नल घटतो खरा, पण त्याच्याबरोबर गोंगाटही तितकाच घटतो, कारण एलएनबीने दोन्ही आधीच वाढवलेले असतात. त्यामुळे स्ट्रेंग्थ पडते, क्वालिटी जवळपास तशीच राहते. म्हणून स्ट्रेंग्थ कमी पण क्वालिटी चांगली असेल तर अॅम्प्लिफायर विकत घ्यायला धावू नये. तो गोंगाटही वाढवेल आणि क्वालिटी जागची हलणार नाही. वायरीत पाणी शिरले किंवा मधला जोड सडला तर मात्र दोन्ही आकडे पडतात. छत्रीजवळ वायरीला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी वायरीवरून कनेक्टरमध्ये न जाता झोळाच्या तळातून ठिबकून जाते.

पावसासाठी राखीव

डिजिटल चित्राला अधलेमधले रूप फारसे नसते. क्वालिटी बॉक्सच्या उंबरठ्याच्या वर असेपर्यंत ४५ लाही चित्र तितकेच स्वच्छ दिसते जितके ७९ ला. उंबरठ्याखाली गेले की चौकोन पडतात, आवाज तुटतो आणि लगेच पडदा काळा. त्यामुळे उन्हाळ्यात कडेच्या आकड्यावर सोडून दिलेली छत्री मे महिन्यात पूर्ण समाधान देते आणि जूनच्या पहिल्या सरीला साथ सोडते.

फ्री डिशची वारंवारता ११ गिगाहर्ट्झच्या आसपास आहे, म्हणजे लहरीची लांबी तीन सेंटिमीटरांहूनही कमी. पावसाचे मोठे थेंब अशा लहरींना शोषतात आणि विखुरतात. शिवाय भिजलेले आकाश स्वतःच जास्त गोंगाट सोडते. म्हणून मुसळधारेत पट्ट्या बघितल्या तर क्वालिटी कोसळलेली आणि स्ट्रेंग्थ मात्र फारशी न उतरलेली दिसते. कोकणातल्या किंवा घाटमाथ्यावरच्या जोरदार सरीत नीट लावलेली छत्रीही काही मिनिटे हार मानते, तिथे करण्यासारखे काही नाही, सर ओसरली की चित्र परत येते. पण साध्या पावसातही चित्र जात असेल तर राखीव कमी आहे. आधी वर सांगितलेल्या रीतीने बाजू, उंची आणि पीळ यांचे मध्य पुन्हा काढावेत, आणि तरीही भागले नाही तर मोठी, ७५ किंवा ९० सेंटिमीटरची छत्री घ्यावी. एक सूचना: मोठ्या छत्रीचा झोत अधिक अरुंद असतो, तेव्हा ती लावताना पाऊल आणखी लहान हवे. पावसातच वर जाऊन छत्री हलवू नये. ओल्या गच्चीचा आणि विजेचा धोका तर आहेच, पण त्या वेळचे आकडे दिशा ठरवायला उपयोगाचेही नसतात.

झाड आड येते का, हे सूर्य दाखवतो

५९ अंशांची उंची असल्यामुळे आग्नेयेची झाडे-इमारती बऱ्याच जवळ असल्या तरी चालतात. छत्रीपेक्षा १० मीटर उंच असलेली भिंत सहा मीटरहून लांब असेल तर आड येत नाही. पण फांद्यांचा अंदाज असा करता येत नाही, आणि ऑफसेट छत्री कुठून बघते हे डोळ्याला कळत नाही, हे वर आलेच आहे.

यासाठी वर्षातून दोनदा एक सोपी सोय होते. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस सूर्य आपल्या आकाशात बरोबर या उपग्रहाच्या मागून जातो. पुण्याच्या परिसरात ही वेळ मार्चमध्ये सकाळी सव्वाअकराच्या सुमारास येते, ऑक्टोबरमध्ये अकराच्या थोडी आधी. त्या काही मिनिटांत सूर्याचा गोंगाट उपग्रहाच्या सिग्नलवर मात करतो आणि स्वच्छ आकाशातही क्वालिटी घसरते. स्ट्रेंग्थ मात्र घसरत नाही, उलट किंचित वाढलेली दिसू शकते. हा बिघाड नाही, तेव्हा छत्रीला हात लावू नये.

पण तेवढ्या वेळात गच्चीवर जाऊन छत्रीकडे जरूर बघावे. सूर्य आणि उपग्रह तेव्हा एकाच रेषेत असतात, म्हणून छत्रीवर उपग्रहाच्या वाटेतल्या प्रत्येक फांदीची सावली पडलेली असते. पृष्ठभाग पूर्ण उन्हात असेल तर वाट मोकळी आहे. एखाद्या कोपऱ्यावर आंब्याच्या शेंड्याची सावली पडत असेल तर नेमका तोच शेंडा पावसाळ्यात भिजल्यावर तुमची क्वालिटी खाणार आहे, आणि तोडायचा आहे तो तेवढाच. नवी छत्री बसवायची असेल तर त्या दिवशी, त्या वेळी गच्चीचा जो भाग उन्हात आहे, तिथे कुठेही पाइप रोवता येतो.